मदत हवी आहे: लॉक-इन संपायच्या आत घर सोडावं लागतंय, बडोद्यात पूर्ण डिपॉझिट जाईल का?

मांजलपूरची

आम्ही मांजलपूरला भाड्याने राहतो. भाडं १४,००० आणि डिपॉझिट ४२,०००, म्हणजे तीन महिन्यांचं. करार १ एप्रिलपासून अकरा महिन्यांचा, ३०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला. लॉक-इन सहा महिन्यांचं, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन सोडता येतं.

माझ्या यजमानांची बदली दहेजला झाली. मुलीची शाळा भरूचला पक्की केली आहे, त्यामुळे ३१ जुलैला घर सोडावंच लागेल. आज ७ जुलै. काल मालकांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "लॉक-इन छे, डिपॉझिट नहीं मळे." वर ऑगस्ट-सप्टेंबरचं भाडं आणि नोटिशीचा एक महिना वेगळा मागतायत. करार गुजरातीत आहे. त्यातल्या वाक्याचा अर्थ असा: लॉक-इनच्या काळात भाडेकरूने घर सोडल्यास डिपॉझिट जप्त होईल, तसेच उरलेल्या काळाचे भाडे द्यावे लागेल.

सगळं धरलं तर ४२,००० जाऊन वर आणखी ४२,००० द्यायचे. सही करताना ब्रोकर म्हणाला होता की हे सगळ्याच करारात असतं, म्हणून आम्ही नीट वाचलं नाही. आता काय करावं? ऑगस्टचं भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करा, असं सासरे सुचवतायत.

पुण्याहून_बडोद्यात

ताई, करार नोंदणीकृत नाही ना? मग तो कागद कोर्टात चालत नाही. लॉक-इनही नाही आणि काहीच नाही. पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि पूर्ण ४२,००० मागा. शिवाय नव्या कायद्यात दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही.

रावपुऱ्यातली_वकील

दादा, हे पुण्याचं गणित बडोद्यात लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मुळे अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत लागतो. इथे १९०८ चा नोंदणी कायदा बघायचा. त्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांचे करार होतात ते त्यासाठीच. हाच करार तीन वर्षांचा असता आणि नोंदवलेला नसता, तर तुमच्या पंधरा दिवसांच्या मुद्द्यात दम होता. दोन महिन्यांची मर्यादा २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो केंद्राने दिलेला नमुना आहे, राज्याने आपला कायदा केला तरच लागू होतो.

म्हणजे ताई, तुमचा करार खरा आहे आणि लॉक-इनही खरं आहे. पण त्याचा अर्थ मालक सांगतात तेवढा मोठा नाही.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं की करार मोडल्यावर किती रक्कम द्यायची हे लिहून ठेवलेलं असलं, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास, १९६३, आणि कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण, २०१५, या दोन्ही निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. दुसऱ्या निकालात तर स्पष्ट आहे की काही नुकसानच झालं नसेल तर ठेव जप्त करता येत नाही. ते खटले जमिनीच्या व्यवहाराचे होते, पण कलम तेच.

आता तुमचा आकडा मांडू. तुम्ही ३१ जुलैला गेलात तर लॉक-इनचे दोन महिने उरतात, म्हणजे २८,०००. मालकांचं जास्तीत जास्त नुकसान एवढंच, कारण १ ऑक्टोबरपासून तुम्ही तसंही जाऊ शकला असता. डिपॉझिट जप्त करून वर उरलेलं भाडंही घेणं म्हणजे एकाच नुकसानीचे दोनदा पैसे. नोटिशीचा महिना तर त्यातच येतो. तुम्ही आज लेखी नोटीस दिलीत तर ती ७ ऑगस्टला संपते, म्हणजे लॉक-इनच्या आतच. तो महिना वेगळा मोजायचं कारण नाही.

त्यामुळे सगळं मालकांच्या बाजूने धरलं तरी ४२,००० मधून २८,००० जातील आणि १४,००० परत यायला हवेत. त्यांना नवा भाडेकरू १६ ऑगस्टपासून मिळाला तर घर अर्धा महिनाच रिकामं राहिलं. मग त्यांचं नुकसान साधारण ७,००० आणि नव्या ब्रोकरेजचा काही भाग. कलम ७३ प्रमाणे नुकसान कमी करायचे जे उपाय त्यांच्या हातात होते, तेही हिशेबात धरले जातात. घर कुलूप लावून ठेवायचं आणि भाडं तुमच्याकडून घ्यायचं, हे टिकणं कठीण.

एक सावधगिरी मात्र ठेवा. दुकानं-ऑफिसांच्या मोठ्या करारांत काही उच्च न्यायालयांनी लॉक-इनचं पूर्ण भाडं मान्य केलंय, तर काहींनी नुकसान सिद्ध करा म्हटलंय. त्यामुळे २८,००० चा धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही.

गोत्रीचा_घरमालक

मी स्वतः एक फ्लॅट भाड्याने देतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. दर नव्या भाडेकरूमागे मला अर्ध्या महिन्याचं ब्रोकरेज, रंगकाम आणि पोलिसांकडे माहिती देण्याची धावपळ करावी लागते. तीन महिन्यांत माणूस गेला तर माझं वर्ष तोट्यात जातं. लॉक-इन त्यासाठी असतं, डिपॉझिट खाण्यासाठी नव्हे.

मागच्या वर्षी माझ्याकडची एक मुलगी पाचव्या महिन्यात गेली. तिने तीन आठवडे आधी सांगितलं आणि ऑफिसातलीच दुसरी मुलगी आणून दिली. मी फक्त ब्रोकरेजएवढे पैसे कापले. ताई, तुमच्या मालकांना भांडण नको असेल तर सगळ्यात जास्त पटेल ती गोष्ट म्हणजे समोर उभा असलेला नवा भाडेकरू.

फत्तेगंज_विद्यार्थी

माझंही असंच झालं. पीजीवाल्या आंटीने ६,००० चं डिपॉझिट दिलं नाही, म्हणे रंग खराब केला. ग्राहक मंचात जाऊ का? ताईंनीही तिथेच जावं असं मला वाटतं.

रावपुऱ्यातली_वकील

बाळ, तुझी गोष्ट वेगळी आहे. पीजीत जेवण-साफसफाई अशी सेवा असते, त्यामुळे तुझ्या बाबतीत विचार करता येईल. नुसतं घर भाड्याने देणं ही सेवा धरली जात नाही, म्हणून ताईंना तो रस्ता नाही. रंगाचं म्हणशील तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही. करारात रंगाची रक्कम वेगळी लिहिली आहे का, ते आधी बघ.

ताई, सासऱ्यांचं ऐकून भाडं थांबवू नका. करारात परवानगी नसताना डिपॉझिटमधून भाडं वळतं केलंत तर तुम्ही थकबाकीदार ठरता. आज बाजू तुमची आहे, ती तेव्हा उलटेल. जुलैचं भाडं वेळेवर बँकेतूनच भरा.

दुसरं म्हणजे चावी. मालक ऑगस्ट-सप्टेंबरचं पूर्ण भाडं घेणार असतील तर ३० सप्टेंबरपर्यंत घराचा ताबा तुमचाच आहे, चावी तुमच्याकडे राहील आणि ते दुसऱ्याला घर देऊ शकत नाहीत. चावी परत घेणार असतील तर त्या तारखेला तुमचं भाडं थांबतं आणि उरते फक्त भरपाईची गोष्ट. हे दोन पर्याय त्यांच्यापुढे स्वच्छ शब्दांत ठेवा. बहुतेक वाद याच ठिकाणी होतात, कारण भाडेकरू गडबडीत चावी वॉचमनकडे देतो आणि नंतर तारीखच सिद्ध होत नाही. चावी देताना कागदावर तारीख, विजेच्या मीटरचं रीडिंग आणि मालकांची सही घ्या. रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा आणि विजेचं शेवटचं बिल भरून पावती ठेवा.

नोटीस आजच स्पीड पोस्टाने पाठवा, व्हॉट्सॅपवरही टाका. त्यात बदलीचं पत्र जोडा. बदलीमुळे कराराचं बंधन आपोआप सुटत नाही, पण तुम्ही उगाच जात नाही हे दिसतं.

पुण्याहून_बडोद्यात

बरोबर, मी महाराष्ट्राचं इथे लावलं. पण एक प्रश्न आहे. लॉक-इन फक्त भाडेकरूला आहे की मालकालाही? माझ्या करारात मालक कधीही महिन्याच्या नोटिशीवर काढू शकतो असं आहे. आणि अकरा महिन्यांनी नवा करार केला की लॉक-इन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं का?

रावपुऱ्यातली_वकील

नव्या करारात लॉक-इनचं कलम तसंच ठेवून सही केलीत तर पुन्हा सुरू होतं. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी ते कलम काढून घ्या, दुसऱ्या वर्षी मालक सहसा ऐकतात. एकतर्फी लॉक-इन बेकायदा नाही, पण सही करायच्या आधी "दोन्ही पक्षांना बंधनकारक" हे तीन शब्द घालून घ्या. बदली होणाऱ्यांनी आणखी एक ओळ मागावी: नोकरीच्या बदलीचं पत्र दाखवल्यास एक महिन्याच्या भाड्यावर लॉक-इन संपेल.

मांजलपूरची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांत काय झालं ते सांगते. ८ तारखेला नोटीस पाठवली. यजमानांच्या मकरपुऱ्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब परवा घर बघून गेलं. त्यांना आवडलं, पण ते २० ऑगस्टला येतील. मालकांपुढे चावीचे दोन पर्याय ठेवल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की ऑगस्टच्या वीस दिवसांचं भाडं कापतो आणि बाकी देतो. मी हिशेब केला तर साधारण ९,००० होतात. म्हणजे ३३,००० परत. ब्रोकरेज नको म्हणाले, कारण नवा भाडेकरू आम्हीच आणला.

अडलंय ते एकाच गोष्टीवर. पैसे ते नवं कुटुंब राहायला आल्यावर देणार म्हणतात, आणि लिहून द्यायला तयार नाहीत. करारात डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं ते लिहिलेलंच नाही. आम्ही तोपर्यंत भरूचला असू. चावी ३१ ला द्यावी की पैसे हातात येईपर्यंत ठेवावी?

गोत्रीचा_घरमालक

ताई, चावी अडवली तर नव्या कुटुंबाचा सौदा मोडू शकतो. मी असतो तर चावी देतानाच अर्धी रक्कम आणि बाकीच्या रकमेचा २१ ऑगस्टच्या तारखेचा चेक मागितला असता.

रावपुऱ्यातली_वकील

चेकची कल्पना चांगली आहे. चेक नाही म्हणाले तर निदान व्हॉट्सॅपवर तुम्हीच आकडा आणि तारीख लिहून पाठवा आणि त्यांचं "हो" घ्या. त्यावरही पैसे आले नाहीत तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्याआधीच्या समेटाचा अर्ज करता येतो, भरूचहून एखादी खेप मारावी लागेल. चावी थांबवायची की नाही ते मात्र तुमच्या मालकांना तुम्ही किती ओळखता त्यावर आहे.

मांजलपूरची

उद्या संध्याकाळी सासऱ्यांना घेऊन त्यांच्याकडे जाते आणि चेकचं विचारते. काय होतं ते इथेच लिहीन.