पहिल्या बर्फाच्या आठवड्यातली डायरी

सायली:
सर्वांना नमस्कार. या आठवड्यात मी पहिल्यांदाच बर्फ पाहिला. कपड्यांत काय चुकलं ते रोज रात्री वहीत लिहीत गेले. ती पानं तशीच पाठवते आहे, कारण गुरुवारचं कोडं मला सुटलेलं नाही.

सोमवार, उणे ३. जीन्स आणि जाळीचे पळायचे बूट. बुटावरचा बर्फ वितळून आत गेला आणि पूर्ण दोन तास वर्गात ओल्या मोज्यांत बसले. पोटरीपर्यंत भिजलेली जीन्स बाहेर पडल्यावर गोठून पत्र्यासारखी कडक झाली.

मंगळवार. नवे बर्फाचे बूट घेतले. त्यात सुती मोज्यांचे दोन जोड घातले, पाय जेमतेम शिरला. पंधरा मिनिटांत बोटं बधिर.

बुधवार. विणलेल्या हातमोज्यांनी बर्फ झटकला. दोन्ही भिजले.

गुरुवार, उणे १२. सुती बनियन, सुती टी-शर्ट, स्वेटर, वर सगळ्यात जाड जॅकेट. बससाठी धावले, तरी चुकली. थांब्यावर आधी इतकं उकडलं की चेन उघडली. मग पाठीवरून गार पट्टा उतरत गेला आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले. जॅकेट तेच, थंडी तीच. आणखी जाड जॅकेट घेऊ का?

अनिकेत:
जॅकेट बदलू नकोस. टोपीचा उल्लेखच नाही! शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते. जाड टोपी घातलीस की प्रश्न मिटला.

मोहनकाका:
सायली, पिसांचं जॅकेट घेणार असशील तर जपून. माझं मशीनमध्ये धुतलं आणि पिसांचे गोळे झाले. आता ठिकठिकाणी नुसतं कापड उरलंय. ते टाकून द्यावं का, कोणी सांगेल?

वर्षाताई:
काका, टाकू नका. ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू घालून फिरवा. मधेमधे काढून गोळे हातानं मोकळे करा. आतून पूर्ण सुकेपर्यंत बराच वेळ लागतो, घाई करू नका.

सायली, मी अठरा हिवाळे बाहेर उभं राहून काम केलंय. तुझं जॅकेट चांगलं आहे, गडबड बनियनमध्ये आहे. धावताना घाम आला, तो सुतानं शोषला आणि अंगाला चिकटवून ठेवला. धावत होतीस तोवर शरीर उष्णता तयार करत होतं, म्हणून कळलं नाही. थांबलीस आणि ती उष्णता कमी झाली, ओलं कापड मात्र पाठीला तसंच. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून नेतं. आणखी जाड जॅकेट घेतलंस तर धावताना आणखी घाम येईल.

खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी घरी आल्यावर बनियन काढून पाठीकडची बाजू गालाला लाव. गार आणि दमट लागली तर हेच कारण.

अंगालगत पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा सदरा घाल, त्यावर फ्लीस, मग जॅकेट. चेन धावण्याआधी उघडायची, घाम आल्यावर नाही. घरातून निघताना पहिली पाच मिनिटं किंचित गार वाटलं पाहिजे.

मंगळवारचंही तसंच. पाय घट्ट आवळला की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही, आणि मोज्यांमधली ऊब धरणारी हवाही दबून जाते. लोकरीचा एकच जोड घाल, बोटं आत हलली पाहिजेत.

अनिकेत, टोपी हवीच. पण निम्मी उष्णता हे खरं नाही. डोकं हे अंगाचा जेवढा भाग, साधारण तेवढ्याच वाट्याची उष्णता तिथून जाते.

अनिकेत:
मी ते लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण ताई, लोकरीच्या आत एक पातळ सिंथेटिक मोजा घातला तर घाम बाहेर खेचला जातो ना? मी तसाच घालतो.

वर्षाताई:
बूट सैल असेल तर चालेल. मला स्वतःला फरक जाणवला नाही, पण माझ्या ओळखीतले काहीजण त्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

सायली:
शनिवार, उणे ९. तोच थांबा, मुद्दाम पंधरा मिनिटं उभी राहिले. आत पॉलिएस्टरचा पळायचा सदरा होता, तो सोमवारपासून कपाटातच पडून होता! निघताना हुडहुडी भरली, पुढे चालताना गेली. थांब्यावर पाठ कोरडी. गुरुवारचा बनियन वर्षाताईंनी सांगितल्यासारखा तपासायचा राहिला, तो धुवायला टाकला होता.

पायांचं मात्र अर्धंच जमलं. लोकरीचा एक जोड घातला, बोटं हलतात, तरी उजव्या पायाची टोकं शेवटी बधिर झाली. बुटाच्या आतली गादी बाहेर काढली तर खालून ओली निघाली.

वर्षाताई:
म्हणजे मंगळवारपासून ती सुकलेलीच नाही. रोज रात्री गादी काढून वेगळी ठेव, बुटात कागद कोंब, पण हीटरला चिकटवू नकोस. बोटांचा रंग पाहिलास का? पांढरी, मेणासारखी दिसत असतील तर चोळू नकोस, कोमट पाण्यात धर आणि डॉक्टरांना दाखव.

सायली:
आत्ता पाहिलं, गुलाबी आहेत. दोन्ही गाद्या खुर्चीच्या पाठीवर टाकल्या आहेत. सोमवारी पुन्हा तिथेच उभी राहून कळवते.