रविवारचा आढावा तीन तास खातो, तरी ठरवलेली तीन कामं बुधवारी जागच्या जागीच – मदत हवी आहे

सोलरवाली
नागपुरात छतावरच्या सोलरचं काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. साइटची पाहणी, कोटेशन, फॅब्रिकेटरचा पाठपुरावा, नेट मीटरचे अर्ज, सगळं माझ्याकडे येतं. शनिवारीही काम असतं, म्हणून आठवड्याच्या आढाव्याला रविवारची सकाळच उरते.

माझा क्रम असा: आधी इनबॉक्स रिकामा करायचा, मग याद्या नीट करायच्या, शेवटी पुढच्या आठवड्याची तीन मुख्य कामं निवडायची. आठवड्यात १४०च्या आसपास मेल साचतात. आठला बसले की इनबॉक्समध्येच साडेदहा होतात. तोवर घरचे उठून पोह्यांची वाट बघत असतात, मग याद्यांवरून नुसती नजर फिरते आणि तीन कामं घाईत लिहिली जातात. मागच्या रविवारची अशी होती: हिंगणा साइट, मनीषनगर सोसायटी, बाबांचा आरोग्यविमा. बुधवारी वही उघडली तर तिन्ही तशीच. आठवडाभर कामं तर झाली, पण वेगळीच.

हा आढावा तासा-सव्वा तासात कसा बसवायचा? आणि ही तीन कामं पुढे का सरकत नाहीत?

तर्री_जास्त
ताई, दोन मिनिटांचा नियम पाळा ना. जो मेल दोन मिनिटांत निपटतो तो तिथंच निपटवायचा, बाकीचे यादीत टाकायचे. मी तर हेच करून राहिलो, इनबॉक्स एकदम साफ. आणि रविवार कशाला, शुक्रवारी संध्याकाळी करा. ऑफिसात माणसं असतात, काही अडलं तर लगेच विचारता येतं.

मानेवाडा_७१
माझाही इनबॉक्स भरलाय, 15 GB संपल्याची सूचना रोज येते. सगळे मेल आर्काइव्ह केले तरी जागा काही कमी झाली नाही. ताई, तुम्ही कोणतं ॲप वापरता?

बुटीबोरीकर
@मानेवाडा_७१, तुमचा प्रश्न वेगळा आहे. आर्काइव्ह केलेला मेल फक्त इनबॉक्समधून हटतो, All Mail मध्ये राहतोच. त्यामुळे जागा सुटत नाही. मोठ्या फाइली शोधून डिलीट करा आणि मग ट्रॅशही रिकामा करा. ड्राइव्ह आणि फोटोही त्याच जागेत मोजले जातात, तेही बघा.

@सोलरवाली, प्लांटमध्ये नियोजनाचं काम बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन मिनिटांचा नियम रोजच्या मेलसाठी उत्तम आहे, पण रविवारी तोच तुमचा वेळ खातोय. १४० मेलना प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे २८० मिनिटं, साडेचार तासांच्या वर. शिवाय रविवारी उत्तर दिलं की समोरचाही रविवारीच उत्तर देतो, आणि रिकामा केलेला इनबॉक्स संध्याकाळपर्यंत पुन्हा भरतो. त्या तासात कामं करायची नाहीत, फक्त ठरवायची. मेल उघडा आणि एकच प्रश्न विचारा: यात मला काही करायचं आहे का? नसेल तर आर्काइव्ह. असेल तर काय करायचं ते यादीत लिहून आर्काइव्ह. चेंडू दुसऱ्याकडे असेल तर ‘वाट पाहतोय’ या वेगळ्या यादीत लिहून आर्काइव्ह. एका मेलला पंधरा-वीस सेकंद लागतात. एखादं उत्तर द्यावंसं वाटलंच तर ते Schedule send ने सोमवारी सकाळचं लावून ठेवा.

जुना साठा असेल तर जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका:

```
in:inbox older_than:30d
```

महत्त्वाच्या चार-पाच लोकांची नावं तेवढी बघून घ्या आणि बाकी सगळं एकदम आर्काइव्ह करा. त्यातल्या कुणी पुन्हा उत्तर दिलं तर तो मेल आपोआप इनबॉक्समध्ये परत येतो.

आता क्रम. इनबॉक्सच्या आधी कॅलेंडर बघा. मागचा आठवडा दहा मिनिटं, कारण साइटवर बोलता बोलता दिलेले शब्द कोणत्याही मेलमध्ये नसतात. मग पुढचे दोन आठवडे. पुढे काय येतंय हे डोक्यात असलं की मेलचा निर्णय पटकन होतो.

तीन कामांची गोष्ट अशी की तुमच्या वहीत कामं नाहीत, विषय आहेत. ‘हिंगणा साइट’ वाचून सोमवारी सकाळी हात कुठे घालायचा? तिथं नेमकं काय अडलंय?

सोलरवाली
हिंगण्याला स्ट्रक्चरचं सुधारित ड्रॉइंग फॅब्रिकेटरकडून यायचंय. मनीषनगरच्या सोसायटीला कोटेशन द्यायचंय, त्यांची सभा गुरुवारी आहे. विम्याचं नूतनीकरण महिनाअखेरीस, पण बाबांचे रिपोर्ट भावाकडे आहेत.

बुटीबोरीकर
बघा, तीनपैकी दोन गोष्टी तुमच्या हातात नव्हत्याच. हिंगण्याचं जातं ‘वाट पाहतोय’मध्ये: ‘फॅब्रिकेटर, सुधारित ड्रॉइंग, कधी मागितलं ती तारीख’. तारीख लिहाच, म्हणजे रविवारी कळतं की आठ दिवस झाले आणि आता फोन करायला हवा. विम्याचं पुढचं पाऊल म्हणजे भावाला फोन. ते साध्या यादीत जाईल, मुख्य तीनात नाही.

मुख्य तीनातलं खरं काम एकच: ‘मनीषनगरचं कोटेशन बुधवार दुपारपर्यंत सेक्रेटरींना पाठवणे’. त्याला किती वेळ लागेल? दीड तास धरला तर कॅलेंडरवर दीड तासाची मोकळी जागा दिसली पाहिजे. सोमवारी साइटवर निघण्याआधी असेल तर तिथंच ते नाव टाका. जागा सापडली नाही तर ते काम त्या आठवड्याचं नाही, किंवा दुसरं काहीतरी हलवावं लागेल. उरलेली दोनही अशीच निवडा: क्रियापद हवं, शेवट दिसायला हवा आणि वेळेची जागा हवी.

काही बिघडतंय हे ओळखायची माझी खूण: एखादी ओळ तिसऱ्या रविवारीही तशीच दिसली तर ती फार मोठी आहे, नाहीतर तुम्ही ती करणार नाही आहात. मोठी असेल तर तोडा. करणार नसाल तर ‘नंतर कधीतरी’मध्ये टाका, मुख्य यादीत ठेवू नका.

तर्री_जास्त
२८० मिनिटांचा हिशोब पटला. माझ्याकडे आठवड्याला वीसेक मेल येतात, म्हणून मला तो नियम जड जात नसावा. पण शुक्रवारचं मी सोडत नाही भाऊ. रविवारी ‘फॅब्रिकेटरला फोन करा’ असं ठरवून फायदा काय, तो तर सोमवारीच उचलणार.

बुटीबोरीकर
ज्यांना शनिवारी सुट्टी आहे त्यांना शुक्रवार बरा, मान्य. ताईंचा शनिवार साइटवर जातो. शुक्रवारी आढावा घेतला तर शनिवारचं सगळं त्यातून सुटेल. फार तर शनिवारी निघताना ‘वाट पाहतोय’ यादी पाच मिनिटं बघावी आणि उशिराचे फोन तिथूनच करावेत.

गोकुळपेठ_आई
मला मेल फारसे येतच नाहीत. शाळेचं, सोसायटीचं, घरचं सगळं व्हॉट्सॲपवर. तिथं आर्काइव्ह केलं तरी गप्पा आणि काम एकाच ठिकाणी राहतं. मी रविवारी प्रत्येक ग्रुप वर सरकवून वाचते, त्यातच तास जातो. याला काही उपाय?

सोलरवाली
आज करून पाहिलं. कॅलेंडर, मग इनबॉक्स, आणि इनबॉक्सला ४० मिनिटांचा गजर. शेवटी १८ मेल उरले, ते उद्यावर सोडले. ‘वाट पाहतोय’मध्ये नऊ ओळी निघाल्या, त्यातल्या चार नेट मीटरच्या अर्जांच्या. या आठवड्यासाठी तीन नाही, दोनच कामं घेतली, कारण कॅलेंडरवर दोनांपुरतीच जागा होती.

ताई, व्हॉट्सॲपचा प्रश्न माझाही आहे. आमचे साहेब कामं तिथंच सांगतात, तेही आवाजी संदेशात. सध्या असा संदेश ऐकला की मी तो स्टार करते आणि रविवारी Starred उघडून यादीत उतरवते. पण सोमवारी सकाळीच साहेबांनी नवीन काम दिलं की ठरवलेल्यातलं कोणतं मागे ढकलायचं, हे त्यांना कसं विचारायचं? बुटीबोरीकर दादा, प्लांटमध्ये तुम्ही हे कसं करता?