तिबेटी म्हणींची पुस्तिका: त्सेग आणि मुकी अक्षरं ठेवायची की काढायची?

जुळारी_विदर्भ
गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथल्या एका आजोबांनी सांगितलेल्या ४० म्हणींची छोटी पुस्तिका मी जुळवतोय, मराठी अर्थासकट. दोन बदल करावेसे वाटतात. दर अक्षरगटानंतर येणारा ठिपका, म्हणजे त्सेग, काढून आपल्यासारखी शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची. आणि ज्यांचा उच्चारच होत नाही ती गटाच्या सुरुवातीची अक्षरं गाळायची. म्हणीला ते 'ताम्पे' म्हणतात, पण लिहिताना आधी एक ग आणि मधे एक द उगाच येतो. पोरांना आणि मराठी वाचकांना सोपं पडेल. आजोबा नुसते हसले. तुमचं मत काय? नमुन्याला एक म्हण:

```
སྟག་གི་རི་མོ་ཕྱི་ལ་ཡོད།
མིའི་རི་མོ་ནང་ལ་ཡོད།
```

वाघाचे पट्टे बाहेर, माणसाचे पट्टे आत.

शुद्धलेखन_पुरे
बेलाशक काढा. आपण १९६२ च्या नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार काढलेच की. तेव्हाही लोक म्हणाले, 'नांव' आणि 'नाव' यांत फरक कसा कळणार? आज नावेत बसताना कुणी आपलं नाव विचारत बसत नाही, संदर्भाने कळतं. मुकी अक्षरं म्हणजे मेलेले उच्चार. पोरांच्या डोक्यावर ती का लादायची? ठिपक्याचंही तेच, दोन शब्द वेगळे दिसले की झालं.

मूळाक्षर
सारनाथला काही वर्षं तिबेटी शिकलो, म्हणून लिहितो. अनुस्वाराची तुलना पहिल्याच पावलाला अडखळते. तुमचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत.

त्सेग शब्द तोडत नाही, अक्षरगट तोडतो. (आपल्या 'चमच्या'तला च म्हणा, त्से बरोबर येईल.) 'ताम्पे' हा एकच शब्द आहे आणि त्याच्या पोटात एक त्सेग आहे. तो काढून बघा:

```
གཏམ་དཔེ
གཏམདཔེ
```

दुसऱ्या ओळीतला द मागच्या गटाचा की पुढच्या? मूळ अक्षराच्या आधी लागू शकणारी अक्षरं पाचच: ग, द, ब, म आणि अ-छुंग नावाचं अक्षर. गंमत अशी की ही पाचही अक्षरं गटाच्या शेवटी येणाऱ्या दहांतही आहेत. अक्षर पाहून ते शेपूट आहे की शेंडी हे कळत नाही, ठिपका पाहून कळतं. आणि मोकळी जागा तिबेटीत आधीच कामाला लागली आहे. वाक्याच्या तुकड्यानंतर उभा दंड, मग जागा. तुम्ही शब्दाशब्दाला जागा सोडलीत तर वाचणारा दर शब्दाला थांबेल.

आता मुकी अक्षरं. स्वरचिन्ह नसलेली दोन अक्षरं आली तर पहिलं मूळ आणि दुसरं शेपूट, असं वाचतात:

```
དག
དགའ
```

वरचं 'दग', म्हणजे शुद्ध. खालचं 'गा', म्हणजे आनंद. शेवटचा अ-छुंग स्वतः मुका आहे, पण 'मूळ अक्षर मधला ग आहे' एवढं सांगायलाच तो तिथे उभा आहे. मुका म्हणून त्याला हाकललंत की आनंदाचं शुद्ध होतं.

शुद्धलेखन_पुरे
मग सुरुवातीचा द पण काढा. नुसता ग उरेल. उच्चार 'गा'. प्रश्न मिटला.

मूळाक्षर
तिथेच फसायला होतं. ल्हासाच्या बोलीत एकटा ग खालच्या सुरात, जवळजवळ 'ख' असा येतो. आधी द असला की तो 'ग' राहतो. द स्वतः बोलत नाही, शेजाऱ्याचा आवाज बदलतो. आणि तो कायमचा मुकाही नसतो. दहाला 'चु' म्हणतात, चारला 'शि'. चौदाला काय म्हणतात ते आजोबांना विचारा. 'चुप्शि' म्हणतील. मधला प आला कुठून? चारच्या लिखाणात सुरुवातीला बसलेल्या मुक्या ब मधून.

टॅटू_हवाय
छान माहिती. मला मनगटावर 'ओम मणि पद्मे हुं' तिबेटीत गोंदवायचंय. ठिपके काढले तर चालतील का? तिळासारखे दिसतात.

मूळाक्षर
नका काढू. 'पद्मे' मात्र एकच गट आहे, द खाली म लटकतो, त्याच्या मधे ठिपका घालू नका. गोंदवणारे बहुधा तिथेच चुकतात.

लेहची_सून
माझं सासर लेहचं आहे. तिथे हा वाद घरातल्या घरात चालतो. सासरे म्हणतात, ग्रंथात आहे तसंच लिहा. नणंद शाळेत शिकवते, ती म्हणते की मूल बोलतं ते लिहू द्या, नाहीतर ते इंग्रजीकडे पळतं. दोघांचं पटतं मला. तीन हा आकडा लिहितात 'ग्सुम', लेहला म्हणतात 'सुम', आणि बाल्टिस्तानातले बाल्टी लोक अजून 'ख्सुम' म्हणतात. म्हणजे एकाचं मुकं ते दुसऱ्याचं बोलकं. उच्चाराप्रमाणे लिहायचं ठरवलं तर कुणाच्या उच्चाराप्रमाणे? त्यांचीच एक म्हण आहे, दर खोऱ्याची बोली वेगळी, दर लामाचा धर्म वेगळा. ती तुमच्या ४० मध्ये असेलच.

शुद्धलेखन_पुरे
हा मुद्दा बरा आहे. पण वसाहतीतली पोरं बाल्टी बोलत नाहीत, आणि पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. नणंदबाईंचं म्हणणं कुणी खोडलेलं नाही.

मूळाक्षर
खोडत नाही. बोलीत नवी गोष्ट लिहायची असेल तर तो वाद खरा आहे. म्हणींचं वेगळं आहे. 'ताम्पे'तला 'पे' आणि पोथीला म्हणतात त्या 'पेछा'तला 'पे' एकच. सुरुवातीचा द आहे म्हणून मुलाला ते डोळ्यांनी दिसतं. तो गेला तर कोशातही शब्द सापडणार नाही, कारण कोशात शोधायचं ते मूळ अक्षराखाली, पण त्याच्या आधीचं अक्षर धरून.

जुळारी, तुमच्या नमुन्यातच एक चूक आहे. ठिपके मोजा. पहिल्या ओळीत सात गट, दुसरीत सहा. 'मिइ' तुम्ही एका गटात बसवलंय. आजोबा तसं म्हणाले होते?

जुळारी_विदर्भ
नाही! वहीत 'मि यि' असं दोन गटांत होतं. व्याकरणाच्या पुस्तकात 'माणसाचा' म्हणजे 'मिइ' असं दिलंय, म्हणून मीच सुधारलं.

मूळाक्षर
गद्यात तुमचं बरोबर. ही म्हण सात-सात गटांवर चालते, म्हणून षष्ठी फोडून दोन गट केलेत. असं हवं:

```
མི་ཡི་རི་མོ་ནང་ལ་ཡོད།
```

एका त्सेगने लंगडी ओळ सरळ झाली. बाकी ३९ ही मोजून बघा. दोन ओळींचे आकडे जुळले नाहीत तर आधी षष्ठीकडे बघा. पण सगळ्याच म्हणी मोजून मापून नसतात, तेव्हा आजोबांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

छापखाना_तीन_पिढ्या
वादात पडत नाही, फक्त जुळणीचं सांगतो. त्सेग म्हणून साधा फुलस्टॉप किंवा मधला ठिपका टाकू नका. ओळ कुठे तोडायची हे सॉफ्टवेअरला खऱ्या त्सेगवरूनच कळतं:

```
U+0F0B  इथे ओळ तुटू शकते
U+0F0C  इथे तुटत नाही
```

प्रुफात एखादी ओळ ठिपक्याने सुरू झालेली दिसली की समजा, कुठेतरी खोटा ठिपका बसलाय किंवा त्सेगच्या आधी स्पेस पडलीय.

लेहची_सून
वरती तिबेटी जसंच्या तसं, खाली देवनागरीत उच्चार, त्याखाली अर्थ, असं केलं तर? मोकळ्या जागा उच्चाराच्या ओळीत हव्या तेवढ्या सोडा.

शुद्धलेखन_पुरे
म्हणजे पोरं देवनागरीच वाचणार आणि वरची ओळ नक्षी होणार. बघा करून.

जुळारी_विदर्भ
तीन ओळींचं करतोय, त्यामुळे १६ पानांची २४ होतील. त्सेग आणि मुकी अक्षरं राहणार. काल आजोबांना चौदा विचारलं. 'चुप्शि' म्हणाले. नातीने मात्र 'फोर्टीन' म्हटलं. आता षष्ठ्या मोजायला बसलोय, सातवी आणि एकोणिसावी म्हण जुळत नाही.