'वीस कमी घे' म्हणालो आणि दहा पीस गेले: सूचना चुकीची कळल्याचे तुमचे अनुभव सांगा

उद्यमबागवाला
नव्या सुपरवायझरांच्या ट्रेनिंगसाठी छोटे प्रसंग लिहायचं काम माझ्याकडं आलंय. सूचना नीट कशी द्यायची आणि ती कळली का, हे कसं बघायचं, एवढाच विषय. लिहायला बसलो आणि माझी पहिल्या वर्षातली सेकंड शिफ्ट आठवली.

सीएनसीवर शाफ्ट चालू होता. व्यास ३९.९७५ ते ४०.०००. इन्सर्ट झिजत आला की व्यास वाढतो, तसा पीस ४०.००८ आला. मी लांबूनच ऑपरेटरला ओरडलो, "वीस कमी घे, समजलं ना?" तो म्हणाला, "होय सर." मला म्हणायचं होतं वीस मायक्रॉन, म्हणजे ३९.९८८. तो ऑपरेटर शिकलेला डायल गेजवर. त्याचा एक काटा म्हणजे शतांश मिलिमीटर. त्यानं वेअर ऑफसेटला -0.200 टाकलं. माप दर दहाव्या पीसला घ्यायचं होतं. दहावा मोजला, ३९.८०८. दहाही गेले. शाफ्ट बारीक झाला की परत जाड करता येत नाही.

बोलणी त्याला बसली. मी गप्प उभा होतो. ते अजून सलतं.

निपाणीची मावशी
आमच्या गुळाच्या गोडाऊनचं सांगते. हमालाला म्हटलं, ट्रकवर ताडपत्री घाल. तो म्हणाला "आयतु री". मला वाटलं घालून झाली. कन्नडमध्ये "बरं, करतो" म्हणायलाही आयतुच म्हणतात की! रात्री पाऊस आला, वरच्या ढेपा भिजल्या. तेव्हापासून मी "घातलीस की घालणारायस?" असं विचारते.

खानापूरकर
मावशी 😂 आमच्या घरात रोज हेच होतंय.

प्रोग्रॅमर_बेळगाव
एवढं ट्रेनिंग कशाला? कंट्रोलमध्ये वेअर ऑफसेटची मर्यादा घालून ठेवा. एका वेळी ०.०५ च्या वर घेतलंच नाही तर विषय संपला.

टूलरूममधला
मर्यादा घालाच. पण "पाच कमी घे" म्हटलं आणि ०.००५ ऐवजी ०.०५ टाकलं तर ते त्या मर्यादेत बसतंय आणि पीस बाद. मशीन मोठी चूक अडवेल, शब्दातला घोळ नाही.
उद्यमबागवाले, मी असं सांगतो: "टूल दोन, वेअर, एक्स, उणे शून्य पॉइंट शून्य दोन शून्य. टाईप कर पण इनपुट दाबू नको, मला स्क्रीन दाखव." मग एकच पीस काढायचा, मायक्रोमीटर लावायचा, मगच पुढं जायचं. "समजलं का" विचारलं की समोरचा होयच म्हणतो, साहेबासमोर नाही कोण म्हणणार? स्क्रीनवर मात्र आकडा दिसतो. ट्रेनिंगलाही असंच करा. "वीस कमी घे" एवढंच वाचून थांबा आणि प्रत्येकाला काय टाकणार ते चिठ्ठीवर लिहायला लावा. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच आकडा यायचा नाही.

अनगोळचा
ट्रेनिंग कुठल्या कंपनीत आहे? भाचा डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, जागा असेल तर कळवा.

जुना ऑपरेटर
बावीस वर्षं लेथवर काढली. कालचा पोरगा येऊन "काय सांगितलं ते परत सांगा" म्हणाला तर मला राग येतो. शाळा आहे काय? वर सगळ्यांसमोर विचारलं तर जास्तच.

उद्यमबागवाला
काका, बरोबर बोललात. मी आता "माझं सांगताना काही राहिलं का बघूया, तुम्ही आता काय टाकणार?" असं विचारतो. तेही बाजूला घेऊन.

जुना ऑपरेटर
हे चालेल. पण दिवसातनं पाच वेळा विचारलास तर तेही खटकेल.

टूलरूममधला
प्रत्येक सूचनेला नकोच. आकडा बदलतो तिथं, शिफ्ट बदलताना, आणि चुकलं तर पीस परत येत नाही तिथं विचारायचं. "झाडून घे"ला कशाला?

खानापूरकर
पण घाईत कुठली कुठल्या वर्गातली, हे नव्या माणसाला कसं कळणार?

उद्यमबागवाला
तिथंच अडलोय. चिठ्ठ्यांचा प्रसंग पहिला घेतो, दुसरा मावशींच्या ताडपत्रीचा. मावशी, घेऊ ना?

निपाणीची मावशी
घे की बाळा. त्यात "री" विसरू नको, तसंच म्हणाला होता तो.