तारूत की तारवात? आणि सांगाती ‘आला’ की ‘आलं’?

मधुमालती
माझी भाची पंधरा वर्षांची आहे. तिने एक विज्ञानकथा लिहिली आहे आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिली आहे. एक मुलगी दूरच्या ग्रहाकडे एकटी निघालेली असते आणि सोबतीला एक रोबो असतो. रोबोचं नाव सांगाती, यानाचं नाव तारू. नावं मला फार आवडली. अडलं ते विभक्तीपाशी.

तिने लिहिलंय, ‘सांगाती तारूत परत आलं.’ मी दुरुस्त केलं, ‘सांगाती तारवात परत आला.’ तिने माझ्या दोन्ही दुरुस्त्या खोडल्या. म्हणाली, सांगाती यंत्र आहे म्हणून ‘ते’, आणि तारू हे विशेषनाम आहे म्हणून ‘तारूत’. माझ्या आजीच्या तोंडी कायम ‘तारवात’ असायचं, तेच कानात बसलंय. चूक कोणाची?

नभोवाणी
दोन्ही नावं जरा जुनाट वाटतात. विज्ञानकथेला भारदस्त नाव हवं. रोबोला ‘यंत्रसखा’ आणि यानाला ‘नभोनौका’ कसं वाटतं? ‘तारू’ हे तसंही ‘तारा’वरूनच आलं असणार, मग थेट ‘तारका’ का नको?

मधुमालती
नावं बदलायची नाहीत हो. ती चालवायची कशी, एवढंच विचारतेय.

खलाशी
तारू ताऱ्यावरून आलेलं नाही. त्याचं नातं तरणे-तारणे यांच्याशी. पाण्यातून तारून नेतं ते तारू. वाचणाऱ्याला मात्र तारा आठवणारच, आणि मला वाटतं मुलीला तेच हवं असावं.

आता सामान्यरूप. तारू, तारवे, तारवात, तारवाचा. गळू-गळवे जसं, तसंच हे. आजी बरोबर होत्या. ‘तारूत’ माझ्या कानाला फार खटकतं.

अनुस्वार
आजीही बरोबर आणि भाचीही बरोबर, कारण दोघी एकाच शब्दाबद्दल बोलत नाहीत.

मराठीत सामान्यनामाचं विशेषनाम झालं की ते बहुतेकदा सामान्यरूप टाकून देतं. सख्खा भाऊ असेल तर ‘भावाने सांगितलं’. पण एखाद्याला सगळे भाऊ म्हणूनच हाक मारत असतील तर ‘भाऊने सांगितलं’, आदराने ‘भाऊंनी’. पाळण्यातल्या बाळाला आपण ‘बाळाला’ म्हणतो, पण बाळ नावाचा चाळीस वर्षांचा माणूस असेल तर ‘बाळला विचार’. ऋतू असेल तर ‘वसंतात’, माणूस असेल तर ‘वसंतला’. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर उतरलं ते ‘विक्रम’. आपण ‘विक्रमने’ म्हणालो तर ते यान, ‘विक्रमाने’ म्हणालो तर आधी पराक्रम डोळ्यांपुढे येतो.

म्हणून ‘तारूत परत आलं’ म्हणजे तारू नावाच्या यानात. ‘तारवात परत आलं’ म्हणजे कुठल्याशा जहाजात. दुसऱ्या वाक्यात नावाचं नावपण गेलं. मी भाचीच्या बाजूने.

खलाशी
नियम मान्य. पण ‘रामाने’ही विशेषनामच आहे की! ‘तुकारामाने’, ‘गोविंदाला’ हे आजही म्हणतात. त्यामुळे ‘टाकून देतं’ हे फार ठाम झालं.

अनुस्वार
खरं आहे. अकारान्त नावांत दोन्ही चालतं, आणि जुन्या किंवा पौराणिक नावांत ‘-आ’ जास्त टिकलाय. म्हणूनच ‘बहुतेकदा’ म्हटलं. मात्र ऊकारान्त नावांत मला ‘तारवा-’सारखं रूप एकाही माणसाच्या नावाला लागलेलं आठवत नाही. विष्णूला आपण ‘विष्णूने’च म्हणतो.

मायबोलीप्रेमी
मूळ चूक वेगळीच आहे. कथेत ‘रोबो’ हा शब्दच का? ‘यंत्रमानव’ असताना परकी शब्द कशाला? आणि ‘सांगाती’ कळायला जड जातो. सरळ शुद्ध मराठी ‘सोबती’ ठेवा.

खलाशी
‘सोबत’ मुळात अरबी आहे, ‘सोहबत’वरून फारसीच्या वाटेने आलेला. मला तो पूर्ण मराठी वाटतो, पण तुमच्या कसोटीला तो उतरणार नाही. मी ज्या जहाजांवर वाढलो त्यांतला ‘जहाज’ही अरबीच. शिवकालीन आरमारातली ‘गुराब’सुद्धा अरबी, मूळ अर्थ कावळा.

मायबोलीप्रेमी
चारशे वर्षं रुळलेला शब्द आणि काल आलेला शब्द यांत फरक करायला हवा. रोबो हा असिमोव्हने काढलेला इंग्रजी शब्द आहे.

अनुस्वार
असिमोव्हचा शब्द ‘रोबोटिक्स’. ‘रोबो’ त्याआधीचा आणि इंग्रजीही नाही. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकात तो पहिल्यांदा आला, आणि सुचवला होता त्याच्या भावाने, जोसेफने. चेकमध्ये ‘रोबोता’ म्हणजे सक्तीचे श्रम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. रोबो म्हणजे वेठबिगार. त्या नाटकातले रोबो धातूचे नाहीत, कारखान्यात घडवलेले, माणसासारख्या देहाचे मजूर आहेत.

हे कळल्यावर ‘सांगाती’ हे नाव मला आणखी आवडायला लागलं. जातीने वेठबिगार आणि नावाने सांगाती. म्हणून कथेत दोन्ही शब्द राहू द्यावेत. ‘यंत्रमानव’ घातला तर हा ताण जातो.

नभोवाणी
सांगाती म्हणजे गोष्टी सांगणारा ना? मग रोबो बोलका असेल तर ठीक.

खलाशी
नाही, ‘सांगणे’शी संबंध नाही. ‘सांगात’ म्हणजे सोबत, संगत. सांगात करतो तो सांगाती. तुकोबांमुळे शब्दाला देवाचा स्पर्श आहे, ते मात्र लेखिकेने लक्षात ठेवावं. अंधारात एकट्या मुलीबरोबर चालणारा ‘सांगाती’ वाचला की मराठी वाचक रोबोच्या आधी विठ्ठल पाहील.

मधुमालती
तिला ते माहीत आहे. तिने तेच हवं म्हणून ठेवलंय. आता ‘आला’ की ‘आलं’ याचं सांगा.

पानपलटी
मी अनुवाद करते, माझा अनुभव सांगते. इंग्रजीत जहाजाला ‘ती’ म्हणतात. एका कादंबरीत कप्तान जहाजावर बायकोसारखं प्रेम करतो, आणि मराठीत जहाज नपुंसकलिंगी! ‘ते’ म्हटलं की सगळं प्रेम कोरडं पडायचं. आपल्याकडे होडी ती, मचवा तो, गलबत ते. शेवटी मी ‘नौका’ घेतली आणि पूर्ण पुस्तक सुटलं. म्हणून माझं मत, सांगातीला ‘तो’ करा. ‘ते’ने जिव्हाळा येत नाही.

अनुस्वार
इथे मी उलट म्हणेन. मराठीत ‘ते’ नेहमी कोरडं नसतं. मूल, लेकरू, पाखरू, कोकरू ही सगळी ‘ते’. ज्याला अजून पुरुष किंवा बाई म्हणून पाहिलेलं नाही, त्याला आपण मायेने ‘ते’ म्हणतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही, तिथे या मुलीला ही सोय मिळाली नसती.

इस्रोने २०२० मध्ये बाईचा चेहरा असलेला अर्धदेही रोबो दाखवला आणि नाव ठेवलं व्योममित्र. संस्कृतात सखा या अर्थी ‘मित्र’ नपुंसकलिंगी आणि सूर्य या अर्थी पुल्लिंगी. मराठीत तो पुल्लिंगी. आणि बातम्यांत आलं ‘व्योममित्र ही’. तीन लिंगं एकाच नावात आली, तरी कोणाचं काही अडलं नाही.

अडचण आहे ती वेगळी. ‘सांगाती’ हा शब्द दिसायला पुल्लिंगी आहे. ‘सांगाती म्हणालं’ वाचताना वाचक दर वेळी अडखळेल. पण हे कुठे-कुठे घडतं ते मोजून पाहा. ‘सांगातीने दार उघडलं’ यात लिंग कळतच नाही, कारण क्रियापद दाराप्रमाणे चालतं. ‘त्याने’ हे रूप ‘तो’चं आणि ‘ते’चं सारखंच. ‘सांगाती दार उघडेल’ यातही कळत नाही. कळतं ते ‘उघडतं’, ‘थांबलं’, ‘म्हणालं’ अशा ठिकाणी.

मधुमालती
पहिलं पान आत्ता मोजलं. सांगाती कर्ता असलेली चौदा वाक्यं आहेत. लिंग दिसतं ते सहा ठिकाणी, आणि त्यांतली चार ‘म्हणालं’ आहेत!

अनुस्वार
मग तिथेच हात घालायचा. ‘सांगाती म्हणालं, पुढे वादळ आहे’ याऐवजी ‘पुढे वादळ आहे, सांगातीने सांगितलं’. प्रश्न असेल तिथे ‘विचारलं’. चारपैकी तीन अशी बदलली तर पानावर ‘ते’ तीनदाच दिसेल. तीनदा दिसलेलं वाचक सवयीने स्वीकारतो. सगळंच लपवू नका मात्र. एकदाही दिसलं नाही तर वाचक आपोआप ‘तो’ धरून चालेल, आणि पाचव्या पानावर ‘थांबलं’ आलं की छपाईची चूक समजेल. पहिलं ‘ते’ पहिल्या दोन-तीन वाक्यांतच यायला हवं.

पानपलटी
‘सांगितलं’ची रांग लागली तर संवाद कोर्टातल्या जबानीसारखा वाचला जातो. मी काही ठिकाणी क्रियापदच काढून टाकेन, नुसता संवाद ठेवेन.

मायबोलीप्रेमी
कथेत ‘अवकाशयान’ लिहिलंय की ‘अंतराळयान’? अवकाश म्हणजे मराठीत सवड. ‘यायला अजून अवकाश आहे’ असं आपण म्हणतो. त्यामुळे ‘अंतराळ’च बरोबर.

खलाशी
अंतराळ म्हणजे दोन गोष्टींमधली जागा. देवळात गाभारा आणि मंडप यांच्यामधल्या भागालाही अंतराळच म्हणतात. मग तोही शब्द तुमच्या हिशेबाने चुकीचा ठरेल.

मायबोलीप्रेमी
पण ‘अंतराळवीर’ रुळलाय. ‘अवकाशवीर’ कोणी म्हणत नाही.

खलाशी
रुळण्याचाच निकष लावायचा तर मग रोबोने काय घोडं मारलंय?

नभोवाणी
दोन्ही सोडा, ‘अंतरिक्ष’ घ्या.

मधुमालती
भाचीला सगळं वाचून दाखवलं. ‘तारूत’ तिने ठेवलंय. पण एक बदल केलाय. कथेत मुलीची पणजी एका जुन्या ध्वनिफितीत बोलते, तिच्या तोंडी आता ‘तारवात बसून गेलीस ना गं’ असं आहे. पणजीला ते नाव माहीतच नाही, तिच्या लेखी ते कुठलंही तारू.

‘म्हणालं’ दोन ठेवलेत, दोन काढले. आणि तिने एक नवीन प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. सांगाती स्वतःबद्दल बोलतं तेव्हा काय म्हणेल? आतापर्यंत तिने त्याला ‘मी पाहिलं’, ‘मी थांबेन’ अशीच वाक्यं दिली आहेत, तिथे काही कळत नाही. पण शेवटच्या ओळीत ते वादळातून परत येतं आणि दाराबाहेरून हाक मारतं. तिथे ‘मी आलो’ की ‘मी आले’?

पानपलटी
‘मी आलो.’ प्रश्नच नाही.

अनुस्वार
व्याकरणाने ‘मी आलं’ असायला हवं, पण ते मी कोणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. ‘ते’ म्हणवून घेणारी लेकरंसुद्धा स्वतःला ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’च म्हणतात. तिने तिथे ‘मी आलं’ लिहून एकदा मोठ्याने वाचावं. पूर्ण कथेत हे वाक्य एकदाच येणार असेल, तर मी ते तसंच ठेवून पाहीन.

खलाशी
‘आलं’ वाचून लोकांना भाजीतलं आलं आठवेल. मुलीला सांगा, ‘आलो’ लिही.