अनुभव धागा: बटणं, पानं, खडे आणि आपण विचारलेले प्रश्न

सुरंगी
आमच्या नर्सरीत तीन-साडेतीन वर्षांची मुलं आहेत. परातीत बटणं, पानं, खडे एकत्र दिले की तिघांचे तीन ढीग चटकन होतात. खरी मजा पुढे असते. नुसती बटणं समोर ठेवली की मूल ती कशावरून वेगळी करतं आणि त्या वेळी आपण तोंडातून काय काढतो? तुमचे नेमके शब्द आणि मुलांची उत्तरं लिहा. साहित्याच्या याद्या नकोत, त्या सगळ्यांकडे आहेत.

झुळूक
अंगणवाडीत आहे, त्यामुळे हे रोजचंच. एका मुलीचं सांगते. तिने लाल बटणाशेजारी लाल ठेवलं, मग चार भोकांचं लाल, त्याच्या शेजारी चार भोकांचं निळं आणि मग मोठं निळं. मदतनीस बाई म्हणाल्या, "हिला रंग कळत नाहीत." रंग कळत होते की! प्रत्येक बटण शेजारच्याशी जुळत होतं, फक्त आधीचं काय ठरलं होतं ते पुढे टिकत नव्हतं. या वयात असं होतंच.

मी पहिलं आणि शेवटचं बटण तळहातावर घेऊन विचारलं, "हे दोघं एका घरात राहतील का गं?" तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्याला दोनच डोळे." मग दोन भोकांची बाजूला, चार भोकांची दुसरीकडे. थोड्या वेळाने पुन्हा रंगावर घसरली. म्हणून आता मी प्रत्येक वाटीसमोर नमुन्याचं एक बटण ठेवते. ते डोळ्यांसमोर राहिलं की ठरलेलं जास्त वेळ टिकतं.

"का ठेवलंस?" हे मी विचारतच नाही. तीन वर्षांचं पोर एक तर गप्प बसतं, नाहीतर "मला आवडतं" म्हणतं. "ह्या वाटीत अजून कोण येईल?" म्हटलं की हातानेच उत्तर देतं.

बाबा_पुणेकर
एवढं कशाला? "लाल इकडे, पिवळी तिकडे" सांगितलं की आमचा चिरंजीव दोन मिनिटांत मोकळा. मुलांना रंग आधी कळतो, आकार नंतर.

झुळूक
दादा, रंग बहुतेकदा आधी येतो हे खरं. पण तुम्ही सांगितलंत म्हणजे निवड तुम्ही केलीत, त्याने फक्त उचलून ठेवलं. एकदा काही न सांगता द्या. आमच्याकडे एकाने वाळकी पानं कानाशी चुरगाळून "बोलणारी" आणि "गप्प" अशी वेगळी केली होती. ते मला सुचलं नसतं.

अबोली७
बटणांचं एक सांगते. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार पडतं ते तोंडात घालणाऱ्या मुलाला देऊ नये. शर्टाची बटणं सगळी पडतात. आम्ही कोटाची मोठी बटणं आणि मुठीत मावतील असे नदीतले गोटे ठेवलेत, तरी एक मोठं माणूस शेजारी बसतंच.

कोकणातली_सून
पानांचा विषय निघालाच आहे तर विचारते, मुलीने वहीत दाबलेली जास्वंदीची पानं काळी पडलीत. शाळेत द्यायची आहेत. काय करू?

सुरंगी
ताई, हा धागा वेगळा आहे हो. पण वहीतून काढा, वर्तमानपत्रात ठेवा आणि कागद रोज बदला. ओल राहिली की काळी पडतात. वर्गीकरणातही पानांची हीच कटकट. शेवग्याचा पाला सकाळी आणला तर तासाभरात मान टाकतो आणि "मऊ-कडक" असं ठरवलेलं सगळं बिघडतं. आंबा, फणस, पेरू टिकतात. कण्हेर आणि रुई वर्गात आणूच नका, दोन्ही विषारी.

रानवारा
वनस्पतिशास्त्र शिकवतो, नर्सरीचा अनुभव फक्त नातीचा. तिने कडुलिंबाची काडी आंब्याच्या पानासोबत ठेवली. सुनेने काडीवरची एकेक पाती तोडून "ही बघ पानं" सांगितलं. खरं तर ती अख्खी काडी म्हणजे एकच पान, पाती त्याचे भाग. नातीला विचारलं तर म्हणाली, "दोन्हीला दांडी एकच." आता तिला काय सांगू?

अबोली७
काही सांगू नका, काका. तिचं बरोबरच आहे!

मीठमिरची
माझं घोडं खड्यांपाशी अडतं. "मोठा" आणि "छोटा" अशा दोन टोपल्या दिल्या की मधल्या खड्याला कुणी वाली नाही. लेक तो कधी इकडे, कधी तिकडे टाकतो आणि शेवटी चिडतो. तिसरी टोपली आपण द्यायची, की तो मागेपर्यंत थांबायचं?

झुळूक
मी थांबते. "ह्याला कुठे बसवूया?" एवढंच विचारते. एकाने मधला खडा दोन्ही टोपल्यांच्या मध्ये, जमिनीवर ठेवला. मग तिथे वाटी सरकवली.

सुरंगी
मी मात्र तिसरी टोपली आधीच ठेवते, रडारड होण्यापेक्षा बरी. वीस मुलांत थांबायला सवड कुठे? ज्यांच्याकडे मुलं कमी आहेत त्यांनी दोन्ही करून बघून इथे लिहा.