मदत हवी आहे: प्रूफचा मेल आलाय, १५ जानेवारी शेवटची तारीख

इंदिरानगरवाली
पेरोलचा मेल आलाय: "आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी जाहीर केलेल्या गुंतवणुकीचे पुरावे १५ जानेवारीपर्यंत पोर्टलवर अपलोड करावेत. मुदतीत न आलेल्या वजावटी शून्य धरून उरलेला कर जानेवारी ते मार्चच्या पगारातून कापला जाईल."
एप्रिलमध्ये मी जुनी रिजीम निवडली होती. वार्षिक पगार १४ लाख, बेसिक महिना ५०,०००, एचआरए २०,०००, भाडं १२,०००. ८०सी पूर्ण दीड लाख, मेडिक्लेम २५,०००. दोन अडचणी आहेत. घरमालक पॅन देत नाहीत आणि एलआयसीचा एक हप्ता फेब्रुवारीत आहे. तारीख चुकली तर नक्की किती कापतील?

सातपूर_एमआयडीसी
एवढं टेन्शन कशाला? काहीच देऊ नका. कापू दे, जुलैत रिटर्न भरताना सगळं परत मिळतं.

पगारपत्रक
परत मिळतं हे खरं, पण आधी किती जातं ते बघा. व्यवसाय कर बाजूला ठेवून हिशेब करतो.
एचआरएची सूट तीन आकड्यांतल्या सर्वात लहान आकड्याएवढी. मिळालेला एचआरए २,४०,०००. बेसिकच्या ४० टक्के तेवढेच, कारण नाशिक त्या ५० टक्केवाल्या शहरांत नाही. भाडं वजा बेसिकचे १० टक्के म्हणजे १,४४,००० वजा ६०,०००, उरले ८४,०००. सूट एवढीच.
५०,००० प्रमाणित वजावट आणि तुमच्या एकूण २,५९,००० च्या वजावटी काढल्या की करपात्र १०,९१,०००. सेससकट कर १,४५,३९२, म्हणजे महिना १२,११६. डिसेंबरपर्यंत १,०९,०४४ कापले गेले असणार.
प्रूफ शून्य धरली तर कर २,२६,२०० होतो. फरक तीन पगारांवर येतो, दरमहा ३९,०५२. एप्रिलमध्ये घराचा हप्ता किंवा शाळेची फी असेल तर हा खड्डा जाणवतो.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. याच पगारावर नव्या रिजीममध्ये कर फक्त ८१,९०० येतो. या पगारावर जुनी परवडायला प्रमाणित वजावटीव्यतिरिक्त सुमारे ५ लाख १९ हजारांच्या वजावटी लागतील. तुमच्या त्याच्या निम्म्याच आहेत. एप्रिलमध्ये जुनी का निवडली?

इंदिरानगरवाली
मागच्या वर्षीची होती, तीच ठेवली. आता बदलता येईल?

पगारपत्रक
पेरोलमध्ये मध्येच बदलू द्यायचं की नाही हे कंपनीवर असतं. विचारा. बदलली तर तीन महिने टीडीएस शून्य आणि २७,१४४ जास्तीचे रिटर्नमधून परत. नाही बदलली तरी रिटर्नमध्ये तुम्ही नवी निवडू शकता, पेरोलची निवड तिथे बंधनकारक नाही.
सातपूरकर, उलट्या बाजूची गोष्ट लक्षात ठेवा: जुनी हवी असेल तर रिटर्न ३१ जुलैच्या आतच हवा. उशिरा भरला की नवीच लागते, वजावटी गेल्या.

सातपूर_एमआयडीसी
हे माहीत नव्हतं. पण पुण्यात भावाला ५० टक्के एचआरए धरला होता.

पगारपत्रक
या वर्षासाठी ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई. त्यांच्या पेरोलने चुकीचं धरलं असेल तर भावाला सांगा.

गंगापूररोड
माझा फ्लॅट बांधकामात आहे, ताबा पुढच्या वर्षी. कर्जाचं व्याज या प्रूफमध्ये टाकू का? बँकेने सर्टिफिकेट दिलंय.

पगारपत्रक
नाही. व्याजाची वजावट ताबा मिळेल त्या वर्षापासून. आधीचं व्याज पाच समान हप्त्यांत मिळतं. सर्टिफिकेट जपून ठेवा. तुमचा नवा धागा काढलात तर बरं.

इंदिरानगरवाली
एचआरचं उत्तर आलं, बदलाची सोय फक्त एप्रिलमध्ये होती. लेखी विनंती केली आहे, पण नन्नाच दिसतंय.

पगारपत्रक
मग प्रूफ भराच. एलआयसीसाठी मागच्या वर्षीची पावती आणि "फेब्रुवारीत भरणार" असं हमीपत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. तुमच्याकडे चालतं का ते विचारा. यूपीआयचा स्क्रीनशॉट हमखास परत येतो, पावतीवर पॉलिसी क्रमांक आणि नाव दिसायला हवं. मुलांची फी ८०सीत धरली असेल तर फक्त शिकवणी शुल्क, बस-डबा नाही.
पॅन अडलाच तर एचआरए उडेल, कारण वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर आहे. तेवढ्याने २६,२०८ चा कर वाढतो, म्हणजे दरमहा ८,७३६ जास्त. तीन महिने १२,११६ ऐवजी २०,८५२ कापतील. रिटर्नमध्ये नवी निवडलीत की एचआरएचा प्रश्नच उरत नाही, तेव्हा मालकाशी वाद घालण्याएवढं त्यात काही नाही.

सातपूर_एमआयडीसी
मालक पॅन का देत नसतील? भाडं दाखवत नसतील बहुतेक.

इंदिरानगरवाली
तेच असणार. पण पुढच्या वर्षी करारात लिहून घेतला तर ते सही करतील का, हीच शंका आहे.